'दोष आढळला नाही': चाइल्ड लॉक लावलेलं असूनही मूल ड्रममध्ये अडकतं तेव्हा

तक्रार एका ओळीची होती: "फ्रंट लोड, ७ किलो, चाइल्ड लॉक चालत नाही, तातडीने पाहावे." घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीत माझी १९ वर्षं गेली, पण अशी तक्रार क्वचितच येते. पाणी भरत नाही, ड्रेन होत नाही, आवाज येतो, वास येतो, या रोजच्या तक्रारी. चाइल्ड लॉक बिघडल्याचं लोक सांगतात तेव्हा नव्वद टक्के वेळा ते सोडवता येत नसतं म्हणून यंत्र अडलेलं असतं. 'चालत नाही' म्हणून कुणी बोलावलं की काहीतरी वेगळं असतं.

ठाण्यातलं घर. दोन बेडरूम, स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायची ड्राय बाल्कनी. त्या बाल्कनीत एका भिंतीला वॉशिंग मशीन, शेजारी डिशवॉशर. घरात आई-वडील, आजी, पाच वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. दार उघडल्या उघडल्या ताई म्हणाल्या, "दादा, लॉक लावलेलं होतं. तरी तो आत गेला आणि दार बंद झालं. तुमचं यंत्र खराब आहे."

मुलगा आजीच्या मांडीवर बसून बिस्किट खात होता, त्यामुळे मला निवांत ऐकून घेता आलं.

झालं ते असं. रविवारी दुपारी चारच्या सुमारास शेवटचा घाणा काढून ताईंनी कपडे वाळत घातले. मशीनचं दार त्यांनी नेहमीप्रमाणे सताड उघडं ठेवलं आणि त्या आंघोळीला गेल्या. आजी हॉलमध्ये पेपर वाचत होत्या. मुलांची लपाछपी चालू होती. धाकटा बाल्कनीत गेला, उघड्या दारातून ड्रममध्ये चढला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला. मोठीने त्याला शोधून काढलं, पण 'तू लप, मी पुन्हा शोधते' म्हणत दार ढकललं. खट्ट आवाज झाला. तिने दहा मोजले आणि दार ओढलं. दार उघडलं नाही, अख्खं मशीन मात्र तिच्याकडे सरकत आलं, कारण ते चाकांच्या स्टँडवर होतं. तिने पुन्हा ओढलं, ते पुन्हा सरकलं. मग ती रडत आजीकडे धावली. आजी येईपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असावीत. आजींनी एका हाताने मशीन धरलं, दुसऱ्याने दार ओढलं आणि ते सहज उघडलं. मूल लाल झालेलं, घामाने चिंब, पण शुद्धीवर होतं. संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. सगळं ठीक निघालं.

घरातले सगळे एका गोष्टीवर ठाम होते, ती म्हणजे चाइल्ड लॉक लावलेलं होतं. आणि ते खरंही होतं. मी पॅनेल चालू केलं तर डिस्प्लेवर CL झळकत होतं. कुठलंही बटण दाबलं की बीप वाजे आणि काही होत नसे. लॉक शंभर टक्के ठीक होतं. मग मी एका बोटाने दार ओढलं. ते उघडलं. CL तसंच झळकत राहिलं.

ताईंनी ते दोनदा करून पाहिलं. नंतर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मग हे लॉक कशाचं आहे?"

या एका प्रश्नापाशी मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त घरांत याचं उत्तर चुकीचं दिलं जाईल.

फ्रंट लोड मशीनमध्ये दोन वेगवेगळी कुलपं असतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. एक पॅनेलचं, त्याला आपण चाइल्ड लॉक म्हणतो. त्याचं काम एवढंच की मुलाने बटणं दाबली तरी चालू असलेला प्रोग्राम बदलू नये, बंद पडू नये. म्हणजे ते कपड्यांना मुलापासून वाचवतं, मुलाला यंत्रापासून नव्हे. दुसरं दाराचं कुलूप. प्रोग्राम सुरू झाला की सर्किट बोर्ड दाराच्या कुलपाला वीज देतो. बऱ्याच मशीनमध्ये त्या कुलपाच्या आत एक छोटा तापणारा तुकडा आणि धातूची एक पट्टी असते. तुकडा तापला की पट्टी वाकते, त्याने एक खिट्टी पुढे सरकते आणि दाराचा आकडा अडकून बसतो. धुणं संपल्यावर वीज बंद होते, पट्टी गार व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि मग टक् आवाज येऊन दार सुटतं. प्रोग्राम संपल्यावर दार लगेच का उघडत नाही, असं लोक नेहमी विचारतात. त्याचं कारण हेच.

हे दाराचं कुलूप चाइल्ड लॉक लावा अगर लावू नका, धुणं चालू असताना लागतंच. आणि मशीन बंद असताना, चाइल्ड लॉक लावा अगर लावू नका, बहुतेक मशीनमध्ये ते मोकळंच असतं. ताईंची फसगत इथे झाली होती. मशीन चालू असताना धाकटा दार ओढायचा आणि ते उघडायचं नाही. पॅनेलवर CL दिसायचं. दोन्ही गोष्टी एकत्र पाहून त्यांनी साहजिकच असं धरलं की CL मुळे दार बंद राहतं. सहा महिने रोज ही 'परीक्षा' पास होत होती, फक्त प्रश्न वेगळाच होता. रिकाम्या, बंद मशीनचं दार कुणी ओढून पाहिलंच नव्हतं.

तुमच्या घरी हे तपासायला अर्धं मिनिट पुरे. मशीन रिकामं असताना चाइल्ड लॉक लावा. बहुतेकदा एखादं बटण तीन सेकंद दाबून धरावं लागतं किंवा दोन बटणं एकदम, त्यावर कुलपाचं किंवा हसऱ्या चेहऱ्याचं चित्र असतं. मग दार ओढा. उघडलं, तर तुमचं लॉक फक्त बटणांचं आहे. मग मेन स्विच बंद करून परत चालू करा आणि लॉक टिकलंय का ते पाहा. काही मशीनमध्ये टिकतं, काहींत उडतं. टॉप लोडमध्ये गंमत आणखी वेगळी आहे. काही मॉडेलमध्ये चाइल्ड लॉक असताना झाकण उघडं राहिलं तर यंत्र बोंबलायला लागतं आणि थोड्या वेळाने टबातलं पाणी आपोआप सोडून देतं, कारण तिथे भीती मूल पाण्यात पडण्याची असते. ही सोय खरोखर मुलासाठी आहे. पण आपल्याकडे अजूनही असंख्य घरांत असलेल्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे सुकवायच्या टबाचं झाकण उघडल्यावर तो फिरायचा किती पटकन थांबतो, एवढंच पाहायचं. काही सेकंदांत थांबला नाही तर ब्रेक झिजलाय, आणि तो बदलल्याशिवाय यंत्र वापरू नये.

आता दार बंद झाल्यावर आत काय होतं ते.

फ्रंट लोडच्या दाराला आतून मूठ नसते. काचेचा वाडगा आत फुगलेला असतो, गुळगुळीत, त्याला धरायला काही नाही. दाराचा आकडा स्प्रिंगने कुलपात बसतो आणि तो सोडवायची खटकी बाहेरच्या मुठीत असते. मूल आतून ढकलतं तेव्हा त्याचा जोर आकड्यावर पडतो, खटकीवर नाही. शिवाय पाय रोवायला जागा नसते, कारण ड्रम बेअरिंगवर मोकळा फिरतो. मूल उठायला गेलं की पायाखालची जमीनच सरकते. त्या मुलाने नंतर आजीला सांगितलं, "आत झोपाळा होता, मी पडत होतो." यापेक्षा नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

आवाजही बाहेर कमी येतो. दाराभोवतीचा रबरी गॅस्केट पाणी अडवण्यासाठी असतो, तो आवाजही गिळतो. आणि लपाछपीत लपलेलं मूल पहिल्यांदा ओरडतच नाही. गप्प बसणं हाच तर त्याचा खेळ असतो.

हवेचा एक ढोबळ हिशोब मी त्या दिवशी कागदावर मांडून दाखवला. ७ किलोच्या मशीनचा ड्रम साधारण पन्नास-पंचावन्न लिटरचा. १४ किलोचं मूल म्हणजे चौदा लिटर जागा गेली. उरली सुमारे चाळीस लिटर हवा, त्यात प्राणवायू आठ लिटर. एवढं मूल शांत बसलं तरी मिनिटाला साधारण १०० मिलिलिटर प्राणवायू घेतं, रडताना, धडपडताना दुप्पट. पण प्राणवायू संपायच्या बऱ्याच आधी कार्बन डायऑक्साइड साठून त्रास सुरू होतो. चाळीस लिटरमध्ये तो पाच टक्के व्हायला दोन लिटर पुरतात, म्हणजे घाबरलेल्या मुलाच्या बाबतीत दहा-बारा मिनिटं. ड्रमला भोकं असतात, बाहेरच्या टबातही थोडी हवा असते, पावडरच्या कप्प्याच्या वाटेने काही मॉडेलमध्ये थोडी आत येऊही शकते, त्यामुळे खरा वेळ जास्त असेल. पण त्यावर विसंबायचं नाही. आत कोंडलेली उष्णता वेगळीच. तीन-चार मिनिटांत तो घामाने निथळला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

मोठी मुलगी त्या दिवशी दहा मिनिटं जरी घाबरून पडद्यामागे लपली असती, तर हा हिशोब कागदावर राहिला नसता. मुलं अशा वेळी बऱ्याचदा लपतात, आपल्याला ओरडा बसेल म्हणून.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. दक्षिण कोरियात मुलं ड्रममध्ये अडकून दगावल्यावर २०१० साली तिथल्या एका बड्या कंपनीला सुमारे दहा लाख मशीनच्या दारांची कुलपं बदलून द्यावी लागली. त्याआधी अर्धं शतक फ्रिजची हीच कथा झाली होती. जुन्या फ्रिजला बाहेरून खटकीचं कुलूप असायचं आणि टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुलं अडकायची. अमेरिकेने १९५६ मध्ये कायदा केला की घरगुती फ्रिज आतून उघडता आलाच पाहिजे. आज आपल्या फ्रिजचं दार आतून नुसतं ढकललं तरी उघडतं, कारण ते लोहचुंबकाच्या पट्टीवर टिकलेलं असतं. वॉशिंग मशीनला तसं करता येत नाही, दाराला पाण्याचा भार पेलायचा असतो. काही नव्या मशीनमध्ये बंद अवस्थेत आतून जोर लावल्यावर सुटणारं कुलूप येतं. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर आपल्याकडे ते नाही असंच धरून चालावं.

इथवर मी शहाण्यासारखा बोलत होतो. मग ताईंनी विचारलं, "पण दादा, दार उघडं ठेवायला तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

सांगितलं होतं. आठ महिन्यांपूर्वी मशीनला वास येतो म्हणून मी याच घरी आलो होतो. गॅस्केटच्या घडीत काळी बुरशी धरली होती. मी ती साफ केली आणि जे आम्ही सगळेच सांगतो ते सांगितलं, की धुणं झालं की दार उघडं टाका, आत वारा लागू द्या. घरात लहान मूल आहे का, हे मी विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यातला हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. फक्त तो देताना आम्ही रबराचा विचार करतो.

म्हणून त्या दिवशी खरं काम होतं ते इथे. दार बंद ठेवायचं तर बुरशी, उघडं ठेवायचं तर मूल. युरोपी बनावटीच्या काही मशीनमध्ये यावर साधा उपाय असतो. दाराच्या आतल्या कडेला एक खाचेचा प्लास्टिकचा गोल असतो, तो नाण्याने आडवा फिरवला की दार लागतच नाही, कितीही ढकला. मूल आत गेलं तरी कोंडलं जात नाही. अनेकांच्या मशीनवर तो असतो आणि त्यांना माहीत नसतो, एकदा दाराच्या कडेला बघून घ्या. या मशीनवर नव्हता. मग आम्ही ठरवलं की धुणं संपल्यावर गॅस्केटची खालची घडी उलटी करून कोरड्या फडक्याने पुसायची, कारण पाणी साठतं ते तिथेच, सहा वाजायच्या ठिकाणी. पावडरचा कप्पा बाहेर काढून ठेवायचा, त्याच्या वाटेने ड्रमला थोडी हवा लागते. आणि दार लावून टाकायचं. रात्री मुलं झोपल्यावर दार उघडं करायचं, सकाळी सगळ्यात आधी उठणाऱ्याने बंद करायचं. सगळ्यात आधी उठतात आजी. त्या म्हणाल्या, "दूध तापवायच्या आधी ते दार लावीन." सवय आधीच्या एखाद्या सवयीला बांधली तर टिकते, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

चाकांचं स्टँड मी तिथेच काढायला लावलं. चाकं साफसफाईला सोयीची, पण पाच वर्षांच्या मुलीला दार उघडता आलं नाही ते त्यांच्यामुळे. दाराला धरून उभं राहायची सवय असलेल्या मुलाच्या अंगावर मशीन सरकू शकतं, हे वेगळंच. मशीन जमिनीवर घेऊन चारही पाय लेव्हलमध्ये आणले.

आणि बाल्कनीच्या दाराला वरच्या बाजूला कडी. साधी, पितळेची, जमिनीपासून पाच फुटांवर. वडिलांनी ऑनलाइन चिकटपट्टीचं चाइल्ड सेफ्टी लॉक मागवायचं म्हटलं, मी म्हटलं मागवा, पण आधी कडी लावा. मूल मशीनपर्यंत पोचलंच नाही तर बाकीचं सगळं दुय्यम आहे.

मग मी विचारलं की मशीन मुख्यतः लावतं कोण? उत्तर आलं, कामाच्या मावशी. त्यांना चाइल्ड लॉकबद्दल, दाराबद्दल कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं. ताई लॉक लावायच्या आणि मावशींना बटणं चालेनात म्हणून त्या सोडवून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मावशी यायच्या वेळी गेलो. त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. कपडे टाकायच्या आधी ड्रममध्ये हात घालून मागपर्यंत फिरवायचा, नुसतं डोकवायचं नाही, कारण चादरीखाली मांजरही बसतं आणि मूलही. आणि स्टार्ट दाबायच्या आधी मुलं कुठे आहेत ते पाहायचं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे दार लावायच्या आधी पोरं मोजायची." तेच.

सगळ्यात उपयोगी धडा मात्र मी आजींना दिला. समजा मूल आत आहे आणि मशीन सुरू झालंय. माणूस पहिल्यांदा दार ओढतो, मग बटणं दाबत सुटतो. आणि इथे चाइल्ड लॉक आपल्याच मुळावर येतं. लॉक लागलेलं असेल तर थांबवायचं बटणही दाबलं जात नाही. घाबरलेल्या माणसाला 'अमुक बटण तीन सेकंद' आठवत नाही. म्हणून पहिला हात भिंतीवरच्या स्विचवर गेला पाहिजे. स्विच बंद झाला की ड्रम थांबतो, पाणी येणं थांबतं आणि दाराचं कुलूप गार व्हायला लागतं. मग मिनिट-दोन मिनिटांत दार सुटतं. नाही सुटलं तर बऱ्याच फ्रंट लोडमध्ये खाली उजवीकडे फिल्टरच्या झडपेमागे दोरी किंवा पट्टी असते, ती खाली ओढली की कुलूप हाताने सुटतं. आत पाणी असलं तर ते अंगावर येईल, येऊ द्यावं. सगळ्या मशीनला अशी दोरी नसते, म्हणून ती आहे का हे आजच पाहायचं, त्या दिवशी नाही. एकाने हे करत असताना दुसऱ्याने ११२ ला फोन लावायचा. मूठ झटके देऊन ओढू नये. ती प्लास्टिकची असते, तुटते, आणि आकडा आतच राहतो.

या घरात तो स्विच मशीनच्या मागे होता. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये आजींचा हात जात नव्हता. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बाजूच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला घेतला. या सगळ्या प्रकरणात मोठा खर्च झाला तो एवढाच.

मी आवरून निघालो तेव्हा डिशवॉशरचा विषय निघालाही नव्हता. तो काढला धाकट्यानेच. आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्याने डिशवॉशरचं दार खाली ओढलं, त्यावर फतकल मारून बसला आणि दाराच्या आतल्या बाजूच्या पावडरच्या कप्प्यात बोट घातलं. बोटाला पांढरा ओलसर चिखल लागला. बोट तोंडाकडे निघालं होतं, आजींनी हात धरला.

वॉशिंग मशीनपेक्षा डिशवॉशरचा धोका वेगळा आहे. त्यात मूल कोंडलं जायची भीती कमी, कारण रॅक मध्ये असतात. दार खाली उघडतं आणि सगळं नेमकं दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या छातीच्या उंचीवर येतं. त्यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ती पावडर. ती भांडी घासायच्या साबणासारखी नसते. तीव्र क्षारीय असते, खरकटं तेल तिला हात न लावता तोडायचं असतं, त्यामुळे ओठ, जीभ, अन्ननलिका भाजू शकते. धुणं नीट झालं की कप्पा रिकामा होतो. पण त्यांच्या घरी खालच्या रॅकमध्ये उभी लावलेली कढई कप्प्याच्या झाकणाला अडत होती. झाकण अर्धवट उघडायचं, पाणी नीट पोचायचं नाही आणि पावडरीचा लगदा तिथेच बसायचा. भांडी जरा मळकट निघतात अशी तक्रार ताईंची होतीच. कारण एकच होतं. कप्पा झाकणाचा, त्यासमोर कढई नको.

पावडर किंवा टिकिया आदल्या रात्री भरून ठेवायची सवयही सोडायला सांगितली. भांडी लावून झाली, दार लावायचं, त्याच क्षणी पावडर. आणि धुणं संपल्यावर भांडी काढताना कप्पा बोटाने तपासायचा. कपड्यांसाठीच्या त्या पातळ साबण भरलेल्या रंगीत गोळ्या मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात. त्यांचं वरचं आवरण पाण्यात विरघळणारं असतं, म्हणून ओल्या हातात चिकट होतं आणि दाताखाली फुटून डोळ्यात उडतं. त्या घरात नव्हत्या, बरंच झालं.

डिशवॉशरचं चाइल्ड लॉकही बहुतेक मॉडेलमध्ये बटणांचंच असतं. चालू असताना दार ओढलं तर उघडतं, फवारे थांबतात, पण साठ-सत्तर अंशांची वाफ तोंडावर येते. काही जुन्या मॉडेलमध्ये दाराच्या फटीत वर एक छोटी प्लास्टिकची खटकी असते, ती सरकवली की दार अडतं. यांच्याकडे नव्हती. आणि उघड्या दारावर बसणं हा मुलांचा आवडता उद्योग. ओट्याखाली स्क्रूने न बसवलेला, सुटा ठेवलेला डिशवॉशर दारावर मूल आणि बाहेर ओढलेले भरलेले रॅक अशा वजनाने पुढे कलंडतो. आम्ही तो ओट्याच्या खालच्या बाजूला दोन पट्ट्यांनी बांधला. सुऱ्या टोक खाली करून ठेवायला सांगितल्या, आणि सर्वांत शेवटी भरून सर्वांत आधी काढायला.

पावडर तोंडात गेलीच तर काय, हे ताईंनी विचारलं. उलटी काढायची नाही, कारण जे जाताना भाजतं ते येताना पुन्हा भाजतं. तोंड ओल्या कपड्याने पुसायचं, घोट-दोन घोट पाणी द्यायचं, जबरदस्ती करायची नाही. लिंबू, ताक असलं काही द्यायचं नाही. डोळ्यात गेली तर नळाच्या हळू धारेखाली पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, मूल कितीही रडलं तरी. पुडा हातात घेऊन थेट दवाखाना गाठायचा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, तो मी फ्रिजच्या दारावर लिहून चिकटवला.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो, बिनाबोलावता. काय टिकलं आणि काय नाही ते पाहायचं होतं.

चिकटपट्टीचं लॉक उडालं होतं. साबणाच्या पातळ थरावर ते चिकटतच नाही. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, कोरडा करून, चिकटवल्यावर एक दिवस हात न लावता ठेवावं लागतं, आणि यांनी लगेच ओढून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा नीट चिकटवलं तर टिकलं, पण मोठीने दोन दिवसांत ते उघडायला शिकून घेतलं. कडी टिकली होती. मात्र दुपारी मावशी कपडे वाळत घालून जाताना ती लावायची विसरत होत्या, आठवड्यातून दोनदा तरी. मग वडिलांनी दाराला स्प्रिंग बसवली. दार आपोआप मिटतं. कडी लावायची राहिली तरी धाकट्याच्या हाताने ते जड दार ओढलं जात नाही.

डिशवॉशरचा कप्पा स्वच्छ होता. चाइल्ड लॉकही चालू होतं. ताई म्हणाल्या, ते आता फक्त प्रोग्राम बिघडू नये म्हणून लावते.

मोठीला मी विचारलं, भाऊ कुठे अडकला तर काय करायचं? तिने मला बाल्कनीत नेलं, टाचा उंचावून नव्या स्विचकडे बोट दाखवलं. तिचा हात पोचत नव्हता. "आजीला हाक मारायची," ती म्हणाली, "आणि लपायचं नाही."

निघण्याआधी मी गॅस्केटची खालची घडी उलटी करून पाहिली. दोन ठिकाणी काळे ठिपके पुन्हा यायला लागले होते. दार दिवसभर बंद राहतं म्हटल्यावर ते येणारच. मी ते ताईंना दाखवले आणि सहा-आठ महिन्यांत रबर बदलावं लागेल असं सांगितलं.

"असू दे दादा," त्या म्हणाल्या, "मी पुसते."

तक्रारीच्या कागदावर शेरा लिहायचा असतो. मी लिहिलं: दोष आढळला नाही.